विदर्भातल्या उन्हाळ्यात बाजारातून अंडी कशी घ्यायची (गावात नवीन आलेल्यांसाठी)

मी अमरावती शहरात वाढली, नोकरीनिमित्त यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आली. शहरात अंडी म्हणजे खालच्या दुकानातून सहा अंडी आणायची, विषय संपला. इथं पहिल्याच मे महिन्यात सोमवारच्या बाजारातून बारा गावरान अंडी आणली. संध्याकाळी भुर्जी करायला घेतली, पहिली दोन चांगली निघाली, ती गंजात फोडली आणि तिसरं त्यांच्यावरच फोडलं. पिवळ्यावर लाल बारीक शिरांचं जाळं पसरलेलं होतं, मधे एक ठिपका. तीनही अंडी फेकावी लागली, आणि उरलेल्या नऊमधून अजून चार तशीच निघाली. विशेष म्हणजे त्यातलं एकही अंडं वरून खराब दिसत नव्हतं, वास नव्हता, तडा नव्हता, पाण्यात टाकलेलं तर सरळ बुडालं होतं.

पुढच्या सोमवारी त्याच आजीकडे गेली, भांडायला नाही, विचारायला. ती म्हणाली, "पोरी, मी काय त्याईच्यावर तारीख टाकून ठेवतो का? आठवडाभर जमा करतो अन् बाजाराले आणतो. टिनाखाली टोपलं रायते." टोपलं टिनाखाली राहते या एका वाक्यात सगळं उत्तर होतं, ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. तेच खाली लिहिते आहे.

सोबत काय लागते: टॉर्चवाला मोबाईल, एक जाड दुपट्टा, झाकणाचा स्टीलचा डबा आणि त्यात मूठ दोन मूठ कुटार (नसेल तर वर्तमानपत्राचे चुरगाळलेले तुकडे), घरी एक पेन्सिल. बस.

1. आधी ठरवा, गावरान घ्यायचं की पोल्ट्रीचं

हा चवीचा प्रश्न नाही, उन्हाळ्यात ही दोन वेगळी वस्तू आहेत असं समजा. पोल्ट्रीच्या लेयर कोंबड्यांमधे कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यात पिल्लू कधीच होऊ शकत नाही, ते फक्त जुनं होते, आतलं पांढरं पातळ होते आणि शेवटी सडते. गावरान कोंबड्या मात्र अंगणात कोंबड्यासोबत फिरतात, म्हणून त्यांची बहुतेक अंडी फळलेली असतात. अशा अंड्याला पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर ऊब मिळत राहिली की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो, मग ती ऊब कोंबडीची असो की टिनाची. कोंबडी जवळपास 38 अंशांवर उबवते. आणि आपल्याकडे मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45च्या वर जाते, रात्रीसुद्धा घरात तीसच्या खाली येत नाही. म्हणजे टिनाखालचं टोपलं हेच खुडूक कोंबडीचं काम करत असते, फक्त नीट करत नाही, दिवसा जास्त तापते रात्री कमी, त्यामुळे जीव थोडा वाढतो आणि मरतो. मेल्यावर तेच अंडं सगळ्यात लवकर सडते.

म्हणून मार्च ते जून गावरान घ्यायचं असेल तर कमी घ्या आणि ओळखीच्या घरून घ्या. हिवाळ्यात बिनधास्त घ्या, नोव्हेंबर ते जानेवारी मला एकही शिरांचं अंडं मिळालेलं नाही.

तपकिरी रंग म्हणजे गावरान असंही नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या लेयर जाती पोल्ट्रीत पण असतात, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकायचे प्रकारही होतात. ओळखायला रंग घासून पाहू नका, खऱ्या तपकिरी अंड्याचा रंग पण वरच्या थरातच असते, लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासला तर तोही निघते. टोपल्यातली अंडी एकमेकांशेजारी ठेवून पहा. गावरान अंडी घरोघरच्या कोंबड्यांची असतात, एक लहान, एक लांबट, एक फिकट मळकट पांढरं, एक बदामी, आणि पोल्ट्रीच्या अंड्याहून सहसा लहान. सगळी एका मापाची, मोठी आणि एकसारखी तपकिरी दिसली तर थांबा.

2. विचारायचे प्रश्न, आणि ते कसे विचारायचे

"अंडी ताजी आहेत का?" असं विचारूच नका, याला जगात एकच उत्तर आहे. मी हे विचारते:

"आजी, कोंबड्या किती हायत तुमच्याकडे?" समजा त्या म्हणाल्या चार, आणि टोपल्यात वीस अंडी आहेत. गावरान कोंबडी रोज अंडं देत नाही, एक दिवसाआड धरली तरी चार कोंबड्यांची दिवसाला दोनच अंडी होतात. वीस अंडी म्हणजे दहा दिवसांची जमवाजमव. हा हिशोब उभ्याउभ्या करता येते आणि समोरच्याला खोटं बोलायची वेळ पण येत नाही.

"अंडी ठेवता कुठं?" मातीच्या घरात, धान्याच्या कोठीत, माठाजवळ म्हणाल्या तर बरं. टिनाच्या शेडमधे, चुलीजवळ म्हणाल्या तर उन्हाळ्यात सोडून द्या.

"कोणती खुडूक होती का?" हा प्रश्न मला शेजारच्या काकूंनी शिकवला आणि हा सगळ्यात कामाचा आहे. खुडूक कोंबडी उठवली की तिच्याखालची अंडी कधीकधी टोपल्यात येतात. कधी कोंबडी कुटाराच्या ढिगात लपून अंडी देते आणि आठ-दहा अंडी एकदम सापडतात, ती कधीची आहेत ते घरच्यांनाही माहीत नसते. लोक लपवत नाहीत, पण विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. विचारलं की त्याच म्हणतात, "हे दोन राहू दे, हे ढिगातले होय."

आणि सकाळी जा. बाजार साडेसातला लागत असेल तर आठच्या आत. अकरा वाजता तीच अंडी तीन तास उन्हात बसलेली असतात.

3. तडा पाहणं

अंडं हातात घेऊन फिरवत पहायचं, फक्त वरून नाही. तडा बहुतेक वेळा खालच्या बाजूनं असते जिथं ते दुसऱ्या अंड्यावर किंवा टोपल्यावर आदळलेलं असते. केसाएवढी बारीक चीर उन्हात दिसत नाही, तर दोन अंडी कानाजवळ धरून अगदी हलकेच एकमेकांवर टेकवा. दोन्ही धड असतील तर टणक, स्वच्छ आवाज येते. एकाला चीर असेल तर भद्द, बसका आवाज येते. चार-पाच वेळा केलं की कानाला सवय होते. जोरात करू नका, नाहीतर तडा तुम्हीच पाडाल आणि पैसे पण तुम्हालाच द्यावे लागतील.

चीर असूनही आतला पातळ पापुद्रा शाबूत असेल तर अंडं ओलं दिसत नाही. तुमच्या समोर फुटलं असेल तर घेऊन त्याच दिवशी पूर्ण शिजवून खाता येते. आधीच फुटलेलं, कधी फुटलं माहीत नसलेलं, किंवा बोटाला चिकट लागणारं असेल तर स्वस्तात दिलं तरी घेऊ नका, त्या चिरेतून जंतू आत जायला आपल्याकडच्या गरमीत एक दुपार पुरते.

4. टॉर्च (हे मात्र सोडू नका)

उन्हाळ्यातल्या गावरान अंड्याची खरी परीक्षा ही आहे. पाण्यात बुडवून पाहायची युक्ती सगळ्यांना माहीत असते पण ती इथं फसवते, का ते सांगते. अंड्याच्या टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी उडत जाते आणि बोथट टोकाकडची हवेची जागा मोठी होत जाते. हवा जास्त झाली की अंडं तरंगते. म्हणजे पाण्याची परीक्षा फक्त किती वाळलं ते सांगते. चार दिवस टिनाखाली राहिलेल्या अंड्यात शिरा पसरलेल्या असतात पण वाळलेलं फारसं नसते, म्हणून ते आरामात बुडते. माझी ती अंडी अशीच बुडली होती.

टॉर्च लावायची पद्धत: दुपट्टा डोक्यावरून घ्या म्हणजे अंधार होते, नाहीतर दुकानाच्या आत सावलीत जा. मोबाईलचा टॉर्च सुरू करून त्यावर अंड्याचं बोथट टोक टेकवा, अंगठा आणि तर्जनीनं कडेनं वेढा म्हणजे उजेड बाजूनं गळत नाही. मग अंडं हळूच फिरवा. आमच्याकडचे म्हातारे लोक हेच मुठीचं नळकांडं करून, त्यात अंडं धरून सूर्याकडे पाहत करतात, ते पण चालते.

काय दिसायला पाहिजे? ताज्या अंड्यात सगळीकडे एकसारखा नारिंगी-गुलाबी उजेड असते, पिवळ्याची नुसती अंधुक सावली, आणि वरच्या टोकाला हवेची जागा अगदी छोटी, दोन-तीन मिलीमीटर खोल. ती जागा करंगळीच्या नखाएवढी खोल झाली असेल तर अंडं जुनं आहे. पिवळ्याची सावली ठळक आणि फिरवल्याबरोबर सैलपणे इकडून तिकडे पळत असेल तर आतलं पांढरं पातळ झालंय.

शिरा दिसल्या, कोळ्यासारखा ठिपका आणि त्यातून निघणारे लाल धागे, तर आत जीव वाढत होता. गोल लाल कडं दिसलं, बांगडीसारखं, तर तो वाढून मेलाय. ते अंडं अजिबात घेऊ नका. आणि पूर्ण काळंकुट्ट, उजेडच जात नाही असं असेल तर ते फोडायच्या पण भानगडीत पडू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या, पिवळ्यावर एखादा सुटा रक्ताचा थेंब असणं वेगळं. तो कोंबडीच्या शरीरात अंडं तयार होताना बारीक नस फुटल्यानं येते, पोल्ट्रीच्या अंड्यात पण सापडते, तो चमच्यानं काढून अंडं शिजवून खाता येते. घाबरायचं ते जाळ्याला आणि कड्याला.

गडद तपकिरी टरफलातून उजेड कमी जाते त्यामुळे तिथं हे नीट दिसत नाही, फिकट अंड्यात छान दिसते.

मागच्या मे मधला माझा एक सोमवार सांगते. आठ वाजता, नेहमीच्या आजीकडे अठरा अंडी. तीन कोंबड्या म्हणाल्या, म्हणजे काही अंडी दहा-बारा दिवसांची असणारच हे धरूनच चालली. दोन आवाजावरून बाजूला गेली, चीर होती. एक ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं डाग-डाग दिसत होतं ते ठेवून दिलं. उरलेली पंधरा टॉर्चवर लावली. तिघांची हवेची जागा मोठी होती, दोघांत शिरा. राहिली दहा, ती घेतली. आजीनं त्या शिरावाल्या दोन अंड्यांकडे स्वतः टॉर्चमधून पाहिलं आणि म्हणाली, "मायबाई, हे तर बसवाले पाह्यजे होते." तेव्हापासून तिनं टोपलं टिनाखालून काढून माठाच्या ओसरीवर आणलं, आणि पुढच्या दोन बाजारांत मला शिरांचं एकही निघालं नाही. त्या दहातलंही एकही खराब निघालं नाही.

5. स्वच्छता

इथं लोक उलटं करतात, चकचकीत अंडं निवडतात. अंडं बाहेर येते तेव्हा त्याच्यावर एक बारीक कोरडा थर असते जो छिद्रं झाकून ठेवते. धुतलं की तो जाते. म्हणून बाजारात धुऊन चमकवलेल्या गावरान अंड्यापेक्षा एखादी काडी, किंचित कोरडी माती लागलेलं अंडं मी पसंत करते. पण विष्ठेनं माखलेलं नको, ओलं तर नकोच. घरी आणल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा, धुवायचं ते शिजवायच्या आधी, आणि गार पाण्यानं नाही, थोड्या कोमट पाण्यानं. गार पाण्यात अंडं आतून आकसते आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अंडी हाताळल्यावर हात साबणानं धुवा, आणि पिवळं-पांढरं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा. टरफलावरचे साल्मोनेला जंतू टॉर्चमधे दिसत नाहीत, ते आचेनंच मरतात.

6. दुकानातला ट्रे आणि तारीख

दुकानातली सुटी पोल्ट्रीची अंडी म्हणजे 30चा ट्रे. त्यावर तारीख नसते. मग गाडीचा दिवस विचारा: "भाऊ, अंड्याची गाडी कोणत्या दिवशी येते?" पेटीत सात ट्रे येतात, 210 अंडी. दुकानदार दिवसाला साधारण एक ट्रे विकत असेल तर शेवटचा ट्रे सात दिवस दुकानात राहिलेला असते, शिवाय फार्मवरून निघून गाडीत गेलेले दिवस वेगळे. म्हणून गाडी आली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. आणि नवीन ट्रेवर जुनी उरलेली आठ-दहा अंडी ठेवून दिलेली असतात हे पण लक्षात ठेवा, वरच्या अंड्यांवर धूळ आणि खालच्यांवर नाही असं दिसलं की समजायचं.

ट्रे उचलून खालून पहा. पुठ्ठ्यावर ओला किंवा वाळलेला पिवळा डाग म्हणजे एक तरी फुटलंय आणि शेजारची माखलीत. पावसाळ्यात पुठ्ठ्याला काळी बुरशी लागते, तसा ट्रे नको.

डब्यातली पॅकिंगची अंडी घेत असाल तर पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायची ती तारीख आणि एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर पहा. पण पॅकिंगची तारीख म्हणजे अंडं दिल्याची तारीख नव्हे. आणि डब्यावर थंड जागी ठेवा लिहिलेलं असताना तो डबा दुकानाच्या पुढच्या फळीवर, दुपारच्या उन्हात असेल तर ती तारीख काही कामाची नाही.

फ्रिजमधून काढून दिली तर आनंदून जाऊ नका, आधी विचारा की रात्री लाईन गेल्यावर फ्रिज बंद राहते का. थंड अंडं गरम हवेत आलं की त्याला पाणी सुटते, पुन्हा फ्रिजमधे गेलं, पुन्हा बाहेर आलं, असं ओलं-कोरडं होत राहणं अंड्याला वाईट, कारण ओल्या टरफलातून जंतू सहज आत जातात. हाताला ओलं लागलेलं अंडं मी घेत नाही. एका जागी सावलीत, हवेशीर ठेवलेलं दोन दिवसांचं अंडं त्याहून बरं.

7. घरी आणणं आणि ठेवणं

डब्यात खाली कुटार, मग अंडी टोकदार बाजू खाली करून, मधे मधे कुटार, वर झाकण. गाडीच्या डिकीत टाकू नका, ती भट्टीसारखी तापते. बाजारातून सरळ घरी या, दुसरी कामं नंतर.

फ्रिज असेल तर आतल्या फळीवर ठेवा, दारात नाही, दार सारखं उघडते. एकदा फ्रिजमधे ठेवलं की वापरेपर्यंत तिथंच. पेन्सिलीनं आणल्याची तारीख लिहा. माझी पद्धत अशी की फ्रिजमधली पोल्ट्रीची अंडी दोन-तीन आठवड्यांत संपवायची. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात पोल्ट्रीची आठवडाभरात आणि गावरान दोन-तीन दिवसांत.

फ्रिज नसलेल्यांसाठी: पसरट घमेल्यात वाळू भरा, त्यात मातीचं मडकं अर्धं रोवा, वाळू दिवसातून दोनदा ओली करा, अंडी मडक्यात कोरड्या कापडावर ठेवा आणि वरून सुती कापड बांधा. आपला उन्हाळा कोरडा असल्यानं पाणी उडते आणि मडकं गार राहते. पावसाळ्यात हवा दमट होते, तेव्हा याचा फारसा उपयोग नाही.

आणि शिजवताना प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, पहा, वास घ्या, मग गंजात टाका. उकडायचं असेल तर आधी एकदा टॉर्चवर लावा. उकडल्यावर पिवळ्याभोवती हिरवट कडा दिसली तर अंडं खराब नाही, जास्त वेळ उकडलं गेलंय.